गल्ल्यात चारशे उरले, मग नफा किती? फळांच्या गाड्याचा रोजचा हिशोब असा काढा

माझे बाबा फळं विकतात आणि रात्रीचा हिशोब गेली काही वर्षं मी करते. सुरुवातीला आमच्याकडे एकाच दिवसाचे तीन नफे निघायचे. त्यातला एक दिवस मी वहीतून जसाच्या तसा इथे घेतलाय, कारण त्या दिवशी बाबा म्हणाले "आज चारशे सोळाच सुटले", भाऊ म्हणाला "काहीतरीच काय, बत्तीसशे तरी सुटले असतील", आणि मी नीट मांडून बसले तर निघाले १४२० रुपये.

बाबांनी काय केलं होतं तर गल्ल्यातले आणि मोबाईलवर आलेले पैसे मोजून त्यातून सकाळी बाजारात दिलेले पैसे वजा केले. भावाने विक्रीचा भाव आणि खरेदीचा भाव यातला फरक धरून किलोने गुणलं. दोघांची आकडेमोड बरोबर होती, तरी दोघांचंही उत्तर चूक, आणि जे कोणी स्वतःचा गाडा किंवा छोटं दुकान चालवतात त्यातले बहुतेकजण या दोनपैकी एका पद्धतीनेच हिशोब करताना मी बघते. म्हणून क्रमाने सांगते. क्रम मोडू नका, कारण रात्री एक पायरी आधीची नंतर केली की ती परत करता येत नाही, माल झाकून बांधून झालेला असतो.

## १. आदल्या रात्रीची तयारी

वहीची समोरासमोरची दोन पानं एका दिवसाला. डावीकडे फक्त किलो, उजवीकडे फक्त रुपये. हे वेगळं ठेवणं फार गरजेचं आहे, कारण माल कुठे गेला ते किलोवरून कळतं आणि पैसा कुठे गेला ते रुपयांवरून, एकाच पानावर दोन्ही लिहिलं की दोन्हीतलं काही धड समजत नाही.

उजव्या पानावर पहिली ओळ सकाळच्या सुट्ट्यांची. आमच्या गल्ल्यात रोज ५०० रुपये सुट्टे टाकून ठेवतो, ते विक्रीचे नाहीत.

डाव्या पानावर पहिली ओळ कालच्या शिल्लक मालाची. त्या दिवशी १० किलो सफरचंद होतं, आम्हाला ११० रुपये किलोने पडलेलं, म्हणजे ११०० रुपये. द्राक्षं काहीच नव्हती.

आणि एक रिकामं क्रेट एकदा काट्यावर ठेवून त्याचं वजन वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. क्रेटसकट वजनाला माल समजून आम्ही कितीतरी दिवस फसलो, चार क्रेटला मिळून चार किलो द्राक्षं कागदावर जास्त दिसायची आणि रात्री ती "कमी" भरायची.

## २. माल खरंच कितीला पडला

बाजारात बोललेला भाव म्हणजे तुमचा भाव नाही. गाड्यावर माल उतरेपर्यंत त्याच्यावर जो खर्च चढतो तो धरूनच किलोचा भाव काढायचा.

त्या दिवशी सफरचंदाच्या १० किलोच्या ४ पेट्या घेतल्या, १०० रुपये किलोने ४००० रुपये. द्राक्षांची १० किलोची ४ क्रेट, ६० रुपयाने २४०० रुपये. त्यावर बाजार फी दोन टक्के, म्हणजे सफरचंदावर ८० आणि द्राक्षांवर ४८. हमाली-तोलाई मिळून नगाला १२ रुपये, दोन्हीकडे चार-चार नग, म्हणून ४८ आणि ४८. टेम्पोचे ४८० रुपये, ते मी वजनावर वाटते, ८० किलो माल म्हणजे किलोला ६, दोन्हीवर २४० आणि २४०.

सफरचंद: ४००० + ८० + ४८ + २४० = ४३६८
द्राक्षं: २४०० + ४८ + ४८ + २४० = २७३६
एकूण: ७१०४

फी आणि हमाली त्याच मालावर टाका ज्याच्यावर ती लागली, आणि टेम्पो वजनावर किंवा नगावर वाटा. एकदा जे ठरवाल तेच रोज ठेवा, आज वजनावर उद्या नगावर असं केलंत तर दोन दिवसांची तुलनाच होणार नाही.

इथे थांबा आणि बघा: त्या दिवशी बाजारात बाबांच्या खिशातून ७१०४ नाही, ७५०४ गेले होते. वरचे ४०० हे क्रेटचे डिपॉझिट, क्रेट परत दिलं की परत मिळणारे. ते खर्चात धरायचे नाहीत, उजव्या पानाच्या तळाशी "येणे" म्हणून लिहायचे. बाबा ते रोज वजा करायचे आणि ज्या दिवशी डिपॉझिट परत यायचं तो दिवस उगाच चांगला गेल्यासारखा वाटायचा.

## ३. मांडणीच्या आधी निवड

माल लावायच्या आधीच फुटका, चेपलेला, डागी बाजूला काढून तोलायचा. दिवसभरात तो कुठे जातो कळत नाही, कोणी फुकट घेऊन जातं, काही कचऱ्यात, आणि रात्री आकडा अंदाजाने लिहिला जातो.

सफरचंदात नव्या मालातलं १ किलो चेपलेलं निघालं आणि कालच्यातलं अर्धा किलो नासलं. द्राक्षांत तळाशी दबलेली आणि देठावरून सुटलेली मिळून २ किलो. म्हणजे विकण्याजोगा नवा माल सफरचंद ३९ किलो आणि द्राक्षं ३८ किलो.

आता भागाकार करा, पण आणलेल्या किलोने नाही, विकण्याजोग्या किलोने:

सफरचंद ४३६८ ÷ ३९ = ११२ रुपये
द्राक्षं २७३६ ÷ ३८ = ७२ रुपये

६० रुपयाची वाटणारी द्राक्षं आम्हाला ७२ ला पडली होती. भाऊ ज्या पन्नास रुपयाच्या फरकावर हिशोब करत होता त्यातले बारा रुपये गाडा लागायच्या आधीच संपले होते. विकायचा भाव ठरवताना हाच आकडा डोळ्यासमोर पाहिजे, म्हणून मी तो पाटीच्या मागच्या बाजूला खडूने लिहून ठेवते, बाबांना गिऱ्हाईकाशी बोलता बोलता दिसतो.

कालचा माल पुढे लावा आणि आधी तोच विका. नाहीतर शिल्लक राहिलेलं सफरचंद कालचं का आजचं हेच कळत नाही आणि भाव कुठला धरायचा यात गोंधळ होतो.

## ४. दिवसभरात एवढंच लिहा

प्रत्येक गिऱ्हाईकाची नोंद करायला जाऊ नका. मी बाबांना ते करायला लावलं होतं, दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी गर्दीत वही ओली झाली आणि सुटलं ते सुटलंच. फक्त चार गोष्टी लिहायच्या.

गल्ल्यातून काढलेला प्रत्येक रुपया, कशासाठी ते. त्या दिवशी जागेची पावती १००, पिशव्या ६०, चहा-नाश्ता ६०, आणि आईने घरच्या सामानाला नेलेले ३००.

उधारी, नवी दिलेली आणि जुनी वसूल झालेली, दोन वेगळ्या ओळींत. नवी २८०, जुनी आली २००, रोख.

घरी खायला नेलेलं फळ, किलोत. अर्धा किलो द्राक्षं.

आणि चौथं, जे सगळेजण विसरतात: भाव उतरवला त्या क्षणी शिल्लक माल किती होता. द्राक्षं दिवसभर ११० ने विकली, संध्याकाळी ८० केली, तेव्हा बाबांनी क्रेट काट्यावर ठेवून १७.५ किलो लिहिलं. दोन मिनिटांचं काम आहे. ही एक नोंद नसली तर रात्री विक्रीचा ताळा घालायला काही आधारच राहत नाही.

## ५. रात्री आधी माल, मग पैसे

पैसे आधी मोजायचा मोह होतो, मला माहीत आहे. पण पैसे मोजून झाले की अंगातला जोर जातो आणि माल "असेल पंधरा किलो" म्हणून लिहिला जातो, आणि हिशोबातली सगळ्यात मोठी चूक त्या पंधरा किलोत असते. माल तोला, आणि तोलतानाच परत निवडा.

सफरचंद शिल्लक १४ किलो, चांगलं. द्राक्षांत संध्याकाळपर्यंत अजून १.५ किलो गेली, शिल्लक ६.५ किलो.

मग पैसे. विक्री म्हणजे गल्ल्यातली रक्कम नव्हे, तिच्यात काही वाढवावं लागतं आणि काही काढावं लागतं:

गल्ल्यात रोख ४७७०
वजा सकाळचे सुट्टे ५००
वजा जुनी उधारी वसूल २०० (ती विक्री त्या जुन्या दिवशीच झाली होती)
अधिक गल्ल्यातून केलेला धंद्याचा खर्च २२०
अधिक घरासाठी काढलेले ३००
अधिक मोबाईलवर आलेले ३१५०
अधिक नवी उधारी २८०
आजची विक्री ८०२०

आईने नेलेले ३०० परत का मिळवले, असं बाबांनी विचारलं होतं. ते धंद्यातून घरात गेले, धंद्याने ते कमावलेच होते. घरखर्च धंद्याच्या खर्चात टाकला की घरात किराणा भरला त्या दिवशी धंदा वाईट दिसतो आणि काहीच घेतलं नाही त्या दिवशी चांगला.

ताळा: आता किलोवरून बघू किती यायला हवे होते. सफरचंद एकूण ५० किलो, खराब १.५, शिल्लक १४, म्हणजे ३४.५ किलो गेलं, १५० ने ५१७५. द्राक्षं ३८ मधून भाव उतरवताना १७.५ उरलेली, म्हणजे २०.५ किलो ११० ने, २२५५. नंतर १७.५ मधून खराब १.५, घरी ०.५, शिल्लक ६.५ काढली की ९ किलो ८० ने, ७२०. बेरीज ८१५०. हातात ८०२०, फरक १३०.

एवढा फरक राहणारच. झुकतं माप, घासाघीस करून सोडलेले पाच-दहा रुपये, उन्हात सुकून फळाचं वजन थोडं उतरतं ते, सगळं त्यात आलं. पण हाच फरक एखाद्या रात्री पाचशे-सहाशे झाला तर झोपू नका, बहुतेक वेळा उधारी लिहायची राहिलेली असते किंवा गल्ल्यातून कोणीतरी काढलेले पैसे. आणि हाती आलेली विक्री किलोवरच्या आकड्यापेक्षा जास्त आली तर शिल्लक मालाचं वजन परत करा, तिथेच चुकलेलं असतं.

## ६. शिल्लक मालाला किती किंमत द्यायची

सगळा घोळ इथे होतो. बाबांच्या पद्धतीत शिल्लक मालाला शून्य किंमत होती, म्हणून ज्या दिवशी जास्त खरेदी तो दिवस तोट्याचा आणि दुसऱ्या दिवशी तोच माल विकला की तो दिवस एकदम नफ्याचा. दुसरं टोक म्हणजे शिल्लक माल विक्रीच्या भावाने धरणं. द्राक्षं ११० ने आणि सफरचंद १५० ने धरलं असतं तर कागदावर जवळजवळ साडेनऊशे रुपये नफा वाढला असता, न विकलेल्या मालावर.

नियम साधा ठेवा. आपल्याला कितीला पडलं आणि उद्या त्याचे खरोखर किती येतील, यातला जो आकडा छोटा तो धरायचा.

सफरचंद टिकतं, उद्याही १५० ने जाणार, म्हणून पडलेला भाव ११२ धरला. १४ × ११२ = १५६८.

द्राक्षांचं तसं नाही. घड हातात घेऊन हलकेच झटकला तर मणी गळतात का ते बघायचं, देठ हिरवा आहे का तपकिरी पडलाय ते बघायचं. त्या रात्री देठ वाळायला लागले होते. मी बाबांना विचारलं, उद्या यातली किती जातील आणि कितीने. ते म्हणाले, "पाच किलो धर, साठने, जास्त नको." म्हणजे ३००. पडलेल्या भावाने ६.५ किलोचे ४६८ झाले असते, पण छोटा आकडा ३००, तोच लिहिला. हा अंदाज माल हाताळणाऱ्याने सांगायचा, हिशोब करणाऱ्याने स्वतःच्या मनाने नाही.

एकूण शिल्लक १८६८.

दुसऱ्या दिवशीची खूण: ३०० लिहिलेल्या द्राक्षांचे प्रत्यक्षात किती आले ते शेजारी लिहा. सलग चार-पाच दिवस कमीच येत असतील तर तुम्ही आजचा नफा फुगवून उद्याचा खाताय.

## ७. आता नफा

कालची शिल्लक ११००
अधिक आजची खरेदी खर्चासकट ७१०४
= ८२०४
वजा आजची शिल्लक १८६८
वजा घरी नेलेली द्राक्षं, पडलेल्या भावाने ३६
= ६३००, आज संपलेल्या मालाची किंमत

विक्री ८०२० − ६३०० = १७२०

यातून रोजचा खर्च जातो. जागेची पावती, पिशव्या, चहा मिळून २२०. आणि जे महिन्याने किंवा वर्षाने द्यावे लागतात, गाड्याचं भाडं, काट्याची तपासणी, ताडपत्री, त्याचा रोजचा वाटा आम्ही ८० धरतो, धंदा चालतो तेवढ्या दिवसांनी भागून. एकूण ३००.

१७२० − ३०० = १४२०

हे १४२० म्हणजे बाबांची पहाटेपासून रात्रीपर्यंतची मजुरी आणि धंद्यात अडकलेल्या पैशाचा मोबदला, दोन्ही मिळून.

बाजार फीबद्दल एक लक्षात ठेवा, बाजारात मालावर लागलेली फी खरेदीच्या भावात गेली, ती इथे रोजच्या खर्चात परत लिहायची नाही. जागेची पावती मात्र इथेच, कारण माल आणा न आणा ती लागतेच.

## ८. खराब माल कुठे वजा केला? करायचाच नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. खराब झालेलं फळ शिल्लकमध्ये मोजलं नाही, म्हणजे त्याची किंमत आपोआप त्या ६३०० मध्ये राहिली. तो तोटा वजा होऊन गेलाय. मी पहिल्या महिन्यात रोज खराब मालाचे पैसे वेगळे काढून परत वजा करायचे, त्या दिवशी तसं केलं असतं तर साधारण चारशे रुपये दोनदा गेले असते आणि नफा हजारावर आला असता. बाबांना वाटायला लागलं होतं की धंदाच बंद करावा, आणि ती चूक माझी होती.

मग खराब माल लिहायचा कशाला? पुढच्या खरेदीसाठी, आणि तो डाव्या पानावर, किलोत. द्राक्षं ४० किलोत ३.५ गेली, आणि त्यातली २ किलो सकाळीच खराब होती. सकाळची खराबी म्हणजे बाजारात माल नीट पाहिला नाही किंवा टेम्पोत वर ओझं पडलं. संध्याकाळची म्हणजे माल जास्त आणला. दोन्हीचा उपाय वेगळा आहे म्हणून वेळ लिहा.

## ९. उद्या किती आणायचं

त्या रात्री मी बाबांना चौथं क्रेट वेगळं काढून दाखवलं. तीन क्रेट आणली असती तर विकण्याजोगी २८.५ किलो झाली असती, आणि दिवसभरात गेली एकूण २९.५. म्हणजे चौथ्या क्रेटमधली एक किलो विकली गेली, ८० रुपये, अर्धा किलो घरी, ३६ रुपये, आणि शिल्लक ३०० ची. बेरीज ४१६. ते आणलं नसतं तर वाचले असते ६०० मालाचे, १२ फीचे, १२ हमाली-तोलाईचे, ६२४. टेम्पोचे पैसे इथे धरले नाहीत, टेम्पो तसाही तेवढेच घेणार होता. त्या एका क्रेटने २०८ रुपये खाल्ले.

एका दिवसावरून लगेच क्रेट कमी करू नका पण. आठवडाभराची पानं समोर ठेवा आणि भाव उतरवताना किती माल उरला होता ती ओळ फक्त वाचत जा. आमच्याकडे सातपैकी पाच दिवस पंधरा किलोच्या वर उरलेली होती. उलट संध्याकाळी लवकरच माल संपल्याचे दिवस जास्त असतील तर कमी आणून तुमचं नुकसान होतंय, आणि ते नुकसान वहीत कुठेच दिसत नाही, म्हणून माल संपला ती वेळही लिहा.

बाबांनी मग तीन क्रेट आणायला सुरुवात केली, बाजाराला जोडून सुट्टी आली की चार.